मताला चारशे किलोमीटर

२० नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान सुरू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडात पहाटे चारपासून कोयते चालू आहेत. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या आहेत. त्यांतल्या एका कोपीतलं जोडपं बीड जिल्ह्यातलं आहे असं समजू या. दोघांची नावं गावच्या मतदार यादीत आहेत, दोघांकडे मतदार ओळखपत्र आहे, कोणी त्यांना मत देऊ नको म्हटलेलं नाही. तरीही संध्याकाळी सहा वाजता, मतदान संपताना, ते दोघं तिथेच मोळ्या बांधत असतात.

हे जोडपं मी कल्पनेतलं घेतलं आहे, कारण हिशेब मांडायला एक घर डोळ्यांसमोर लागतं. मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून दर हंगामाला जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचा आकडा कोणी आठ लाख सांगतं, कोणी बारा, कोणी पंधरा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाहीपुढची आव्हानं म्हणून पैसा, कमी मतदान आणि वंचितता असे तीन वेगळे मुद्दे असतात. या कोपीशी उभं राहून पाहिलं की तिन्हींची गाठ एकच आहे हे दिसतं.

मतदानाची तारीख आणि उसाची तारीख

ऊसतोडीला माणसं दिवाळी करून निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि कोयत्यामागे ठरलेली ती रक्कम हंगामभर तोडीतून फेडायची असते. कारखान्यांचं गाळप साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं.

आता विधानसभेच्या मतदानाच्या तारखा पाहा. २०१४ साली १५ ऑक्टोबर, २०१९ साली २१ ऑक्टोबर. दोन्ही वेळा माणसं बहुतेक गावातच होती. २०२४ साली विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती आणि मतदान २० नोव्हेंबरला ठेवलं गेलं. त्या वर्षी भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली आणि गाळपाची तारीख १५ नोव्हेंबर ठरली. म्हणजे कोयता फडात उतरला आणि पाच दिवसांनी गावात मतदान आलं. कोणी कट केला म्हणून असं झालं नाही. निवडणुकीचं वेळापत्रक विधानसभेच्या मुदतीवर बसवतात, गाळपाचं ऊस आणि कारखान्यावर. दोन्ही ठरवताना कोपीतल्या माणसाची सोय पाहण्याची सक्ती कोणावरच नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत तर हे आणखी ठळक दिसतं. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी आणि १८ डिसेंबर २०२२ रोजी साडेसात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान ठेवलं होतं. दोन्ही तारखा ऐन हंगामातल्या. ज्या गावात वॉर्डाचा निकाल पाच-दहा मतांनी फिरतो, त्या गावचा निम्मा तांडा तेव्हा बाहेर असतो.

एका मताला खर्च किती?

हा प्रश्न वर्गात विचारला तर मुलं म्हणतात, काहीच नाही, मत फुकट असतं. आपल्या जोडप्याचा हिशेब करू.

बीड ते कोल्हापूर अंतर चारशेच्या आसपास किलोमीटर. त्या वेळच्या साध्या एसटीच्या दराने एका माणसाचं एका बाजूचं भाडं साधारण साडेपाचशे रुपये धरू. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दोघांचं जाणं-येणं मिळून साडेसोळाशे रुपये झाले. १९ तारखेला निघायचं, २०ला मत द्यायचं, २१ला परत पोचायचं, म्हणजे तीन दिवस कोयता बंद. जानेवारी २०२४ मधल्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला होता. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं मानलं तर तीन दिवसांचे जवळपास बावीसशे रुपये बुडाले. बेरीज पावणेचार हजारांच्या वर गेली. बऱ्याच टोळ्यांत खाड्याचा दंड लागतो, तो यात धरलेलाच नाही. बैलगाडीवर असलेल्या जोडप्याला आणखी एक अडचण असते. बैलांना वैरण-पाणी कोण करणार?

म्हणून अशा घरांतून गेलंच तर एकच माणूस जातो. तिकीट बाईचं अर्धं असलं तरी लेकरू, चूल आणि बैल तिच्याकडे असतात, त्यामुळे मागे राहणारी बहुधा तीच. मतदान ऐच्छिक आहे, हे वाक्य खरं आहे. पण दोघांनी मिळून पाच दिवस राबून मिळवलेले पैसे मोजावे लागत असतील, तर तिथे 'इच्छा' या शब्दाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

कायदा काय म्हणतो?

कायद्याने या जोडप्याला दूर लोटलेलं नाही. राज्यघटनेचं ३२६वं कलम अठरा वर्षांवरच्या नागरिकाला मतदार होण्याचा हक्क देतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० म्हणतो की माणूस जिथे 'सर्वसाधारणपणे राहतो' तिथे त्याचं नाव असावं, आणि तो तात्पुरता बाहेर गेला म्हणून ते वास्तव्य संपत नाही. म्हणून हंगामाला गेलेल्यांची नावं गावच्या यादीतून काढता येत नाहीत. हे संरक्षण फार मोलाचं आहे. पण नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि मत नाव असेल तिथेच द्यायचं असतं.

मग नाव कोल्हापुरात का हलवू नये? कायमचं स्थलांतर केलेल्या माणसाला तो मार्ग चांगला आहे. ज्याच्याकडे घराचा कागद नाही, फुटपाथवर किंवा पालात राहतो, त्यालाही नोंदणी करता येते. तो खरोखर तिथे झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, पाहायचं असतं. पण ऊसतोड टोळी एका फडावर आठवडा-दोन आठवडे असते, मग पुढच्या फडावर जाते, आणि पावसाळ्यात गावी असते. शिवाय गावच्या यादीतून नाव काढलं की घरकुलापासून पाणवठ्यापर्यंत गावच्या सगळ्या गोष्टींतला आवाज गेला. कोल्हापूरचा आमदार यांचा नव्हे, आणि तिथल्या सरपंचाशी यांचं काही देणंघेणं नाही.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असंही १९५१च्या कायद्यात आहे, कलम १३५-ब. रोजंदारीवरच्या माणसालाही ती लागू आहे. मोडणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत. इथे अडचण अशी की मालक कोण, हेच ठरत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम स्वतःच उचल घेतलेला. हजेरीपट कोणाकडेच नाही. आणि सुट्टी मिळालीच, तरी एका दिवसाच्या सुट्टीत चारशे किलोमीटर जाऊन परत येणं होत नाही.

गाडी कोण पाठवतं?

मतदानाच्या आदल्या रात्री फडाशी टेम्पो येऊन उभे राहतात, हे ऊसपट्ट्यात आणि बीडच्या गावांत सगळ्यांना माहीत आहे. जाण्या-येण्याची सोय, वाटेत जेवण, बुडालेल्या मजुरीची भरपाई. पाठवणारा कधी उमेदवाराचा माणूस असतो, कधी मुकादम. राजकारणातला पैसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोटांची पाकिटं येतात. इथे तो गाडीभाडं होऊन येतो आणि घेणाऱ्याला ती मदतच वाटते, कारण ती खरोखरच मदत असते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा भ्रष्ट आचार आहे. १९५१च्या कायद्याचं कलम १२३(५) सांगतं की उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदारांना फुकट केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी वाहन केलं आणि ते सिद्ध झालं, तर निवडणूकच रद्द होऊ शकते. याच कलमात दोन सवलती आहेत. मतदाराने स्वतःच्या खर्चाने सार्वजनिक वाहनाने जावं. किंवा मतदारांनी वर्गणी काढून वाहन ठरवावं, पण ते यंत्रावर चालणारं नसावं, म्हणजे बैलगाडी चालेल. हा कायदा झाला तेव्हा मतदार आणि केंद्र यांच्यामध्ये फार तर दोन-चार कोस असतील असं धरलं होतं. बैलगाडी या जोडप्याकडे असेलही. पण बैलगाडीने चारशे किलोमीटर कसे जाणार?

आता उमेदवाराच्या बाजूने हिशेब करू. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. लोकसभेला ती ९५ लाख. गोव्यासारख्या लहान राज्यात अनुक्रमे २८ आणि ७५ लाख. २०२४ साली महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ मतदारसंघ होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाख छत्तीस-सदतीस हजार मतदार. ४० लाखांना त्याने भागलं तर माणशी बारा रुपयेसुद्धा होत नाहीत.

समजा एका मतदारसंघातले पाच हजार मतदार ऊसतोडीला गेले आहेत. एका टेम्पोत पंचवीस माणसं, आणि जाऊन-येऊन भाडं पंधरा हजार, असं धरू. दोनशे टेम्पो लागतील, खर्च तीस लाख. एकूण मर्यादेचा पाऊण हिस्सा नुसत्या गाड्यांत गेला. सभा, मंडप, पत्रकं, कार्यकर्त्यांचं जेवण अजून बाकी आहे. आणि मर्यादेत बसवला तरी हा खर्च वहीत लिहिता येत नाही, कारण लिहिणं म्हणजे भ्रष्ट आचाराची कबुली देणं. म्हणून तो वहीबाहेरच राहतो. निकालानंतर तीस दिवसांत उमेदवार हिशेब देतो, निवडणूक यंत्रणेच्या पथकांनी ठेवलेल्या समांतर नोंदींशी तो ताडून पाहिला जातो. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावरून रात्री सुटलेला आणि गावच्या वेशीवर माणसं उतरवून गेलेला टेम्पो त्या नोंदीत यायचा कसा? पकडला गेलाच तर मुकादम सांगतो, माझ्या टोळीची माणसं आहेत, मीच आणली. उमेदवाराची संमती सिद्ध करणं याचिका करणाऱ्यावर येतं, आणि याचिका उच्च न्यायालयात निकालापासून पंचेचाळीस दिवसांत करावी लागते.

पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा. तो निकाल निष्प्रभ करण्यासाठी सरकारने लगेच कायदाच बदलला. २००३ साली ती सवलत आवळली गेली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि प्रमुख प्रचारकांचा प्रवास अजून उमेदवाराच्या हिशेबाबाहेर आहे. पक्षाकडे हा पैसा कुठून येतो, हा वेगळ्या प्रकरणाचा विषय. एवढं लक्षात ठेवा की देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपवणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली.

माझं मत स्पष्ट सांगतो. वाहनावरची ही बंदी योग्य आहे. पण तिच्या जोडीला सरकारने किंवा आयोगाने दुसरी सोय केली नाही, तर बंदीचा भार नियम पाळणाऱ्या उमेदवारावर आणि गरीब मतदारावर पडतो, आणि नियम मोडणारा उपकारकर्ता ठरतो. उचल मुकादमाची, गाडी उमेदवाराची. दोघांचे उपकार घेऊन केंद्रात शिरलेला माणूस बटण दाबताना किती मोकळा असेल?

टक्का काय दाखवतो आणि काय झाकतो?

२०२४च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. २०१९ला ते ६१ टक्क्यांच्या थोडं वर होतं. म्हणजे तारीख हंगामात गेली तरी राज्याचा टक्का वाढला. मग आपलं म्हणणं चुकलं का?

टक्का म्हणजे एक भागाकार. वर मत दिलेले, खाली यादीतले. मुंबईच्या कुलाब्यात टक्का चव्वेचाळीसच्या आसपास राहिला. त्यात घरी बसलेले आहेतच, पण मृत आणि घर बदलून गेलेल्यांची नावं यादीत राहिली असतील तर खालचा आकडा फुगतो आणि टक्का प्रत्यक्षाहून कमी दिसतो. उलट, ज्याचं नाव यादीत चढलंच नाही, तो खालच्या आकड्यात नाही. तो वगळला गेल्याने टक्का कमी होत नाही, उलट छान दिसतो. वंचितता मोजायला मतदानाचा टक्का हे अपुरं माप आहे, ते यामुळे.

कोल्हापूरच्या करवीर मतदारसंघात त्या दिवशी चौऱ्याऐंशी टक्क्यांहून जास्त मतदान झालं. राज्यातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी हा एक आणि खरोखर कौतुकाचा. पण हाच उसाचा मुलूख आहे. त्याच शिवारांतल्या कोप्यांत असलेली माणसं या भागाकारात वरही नाहीत आणि खालीही नाहीत. ती चारशे किलोमीटरवरच्या एखाद्या केंद्रावर 'अनुपस्थित' म्हणून मोजली गेली.

हे तपासायचं असेल तर बीडसारखा जिल्हा घ्या. तिथे लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ रोजी झालं, तेव्हा हंगाम संपून माणसं परत आली होती. विधानसभेचं झालं २० नोव्हेंबरला, तेव्हा ती बाहेर होती. एकाच केंद्राचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन आकडे मिळतात. केंद्रनिहाय मतं 'नमुना २०' या तक्त्यात असतात, तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्या केंद्राचे एकूण मतदार यादीतून घ्यायचे. एखाद्या तांड्याचं केंद्र आणि त्याच तालुक्यातलं बाजारपेठेचं केंद्र शेजारी ठेवून चारही आकडे पाहा.

उत्तर काढताना मात्र घाई करू नका. आमदारकीला गावात चुरस जास्त असते, त्यामुळे एरवीही टक्का वाढू शकतो. मधल्या काळात यादी बदललेली असते. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की तांड्याचा टक्का नोव्हेंबरात जराही घसरलेला नसेल, तर त्याचे दोन अर्थ निघतात. तांडा त्या वर्षी तोडीला गेलाच नव्हता, किंवा टेम्पो आले होते. आकडा यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी गावात जाऊन माणसांशी बोलावं लागतं.

फडातच मत का देता येऊ नये?

टपाली मतपत्रिका सैनिकांना मिळते, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना मिळते. ८५ वर्षांवरील नागरिकांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं उघडतात. म्हणजे मतदारसंघाबाहेरून मत, ही आपल्याला अनोळखी कल्पना नाही.

जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक पक्षांना दाखवायला बोलावलं. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मतं नोंदवता येतील असं ते यंत्र होतं. २०१९च्या लोकसभेला तीस कोटींहून जास्त मतदार केंद्रावर आले नव्हते आणि स्थलांतर हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, असं आयोगाचंच म्हणणं होतं. बऱ्याच पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते यंत्र वापरात आलं नाही. आक्षेप पोकळ नव्हते. स्थलांतरित कोणाला म्हणायचं? परक्या राज्यात, जिथे आचारसंहिताच लागू नाही, तिथे प्रचारावर लक्ष कोण ठेवणार? दूरच्या केंद्रावर लहान पक्षाने प्रतिनिधी कुठून बसवायचा?

ऊसतोडीपुरतं पाहिलं तर यातले काही आक्षेप सौम्य होतात. विधानसभेच्या वेळी आचारसंहिता सगळ्या राज्यात असते. कारखान्याकडे कोणती टोळी कोणत्या गावची, हे कळायला कराराचे कागद असतात. कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेल्यांचा प्रश्न मात्र तसाच राहतो. आणि दोन धोके आणखी गंभीर होतात. कारखान्याच्या आवारात केंद्र ठेवलं तर दाराशी मुकादमच उभा असेल, ज्याची उचल अजून फिटायची आहे. शिवाय आपल्याकडे मतं केंद्रनिहाय मोजली आणि जाहीर केली जातात. एखाद्या दूरस्थ केंद्रावर एका मतदारसंघाचे सहाच मतदार असले, तर त्या सहांनी कोणाला मत दिलं हे लपून राहणार नाही. त्यासाठी अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजावी लागतील. टपाली मतपत्रिकेची तीच गत आहे. फडावर पत्ता कोणता, तर मुकादमाचा.

म्हणून मला आधी साधा मार्ग करून पाहावासा वाटतो. गाळपाची तारीख राज्य सरकारच्या मंत्री समितीत ठरते. ती मतदानानंतर पाच-सहा दिवस ठेवली तर कायदा बदलावा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. पण शेतकऱ्याचा ऊस तेवढे दिवस उभा राहतो, शेजारच्या कर्नाटकातले कारखाने आधी सुरू होऊन टोळ्या आणि ऊस दोन्ही ओढतात, आणि उचलीचं ओझं असलेल्या कोयत्याचेही तेवढे दिवस कोरडे जातात. या तिघांचं नुकसान कोणी भरून द्यायचं, हे ठरवलं तर हा मार्ग निघेल.

आणि उभं राहायचं झालं तर?

आतापर्यंत आपण मत देण्याबद्दल बोललो. या जोडप्यातली बाई गावच्या ग्रामपंचायतीला उभी राहू शकेल का? डिसेंबरच्या निवडणुकीसाठी अर्ज, छाननी आणि माघारीच्या तारखांना तालुक्याला असावं लागतं, प्रचाराला गावात असावं लागतं, तेव्हा ती फडात असते. आणखी एक अट आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या उमेदवाराचा जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर त्याने सातवी उत्तीर्ण असलं पाहिजे. अट सर्वांना सारखी आहे. पण ऊसतोड कामगारांची कित्येक मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात आणि एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडाशी परततात. गावच्या शाळेत तोवर दुसरं सत्र संपत आलेलं असतं.